प्रीमियमने शेअर इश्यू: एकच उदाहरण, चौघांची चार उत्तरं. प्रीमियम खात्यात नक्की किती राहायला हवेत?

खतावणी_मृण्मयी

आमच्या अकाउंट्स विभागात या महिन्यात चार नवीन मुलं रुजू झाली. त्यांच्यासाठी मी शेअर इश्यूचं एक उदाहरण तयार केलं. आकडे मुद्दाम सोपे ठेवले आहेत. चौघांनी प्रीमियम खात्याची वेगवेगळी शिल्लक काढली, आणि प्रत्येकाचं म्हणणं ऐकताना त्या क्षणी तेच बरोबर वाटतं. म्हणून इथे मांडते.

कंपनीने १० रुपये दर्शनी किमतीचे १,००,००० शेअर ५ रुपये प्रीमियमने काढले, म्हणजे शेअर १५ रुपयांना. अर्जासोबत ६ रुपये, ते सगळे भांडवलाचे. वाटपावर ९ रुपये, त्यात ४ भांडवलाचे आणि ५ प्रीमियमचे. पुढे कॉल नाही.

अर्ज आले १,५०,००० शेअर्ससाठी. ३०,००० शेअर्सचे अर्ज नामंजूर करून पैसे परत केले. उरलेल्या १,२०,००० शेअर्सच्या अर्जदारांना प्रमाणात वाटप झालं, म्हणजे ६ मागितले तर ५ मिळाले. त्यांचे जास्तीचे पैसे वाटपाच्या रकमेत वळते केले. ज्याला १,००० शेअर मिळाले असा एक भागधारक सोडून सगळ्यांनी वाटपाची रक्कम भरली. त्या एकाला नोटीस गेली आहे, पण ३१ मार्चला शेअर जप्त झालेले नाहीत.

इश्यूचा खर्च ६०,०००. त्यात माहितीपत्रकाची छपाई, वकिलाची फी, रजिस्ट्रारची फी आणि अंडररायटिंग कमिशन मिळून ४८,०००. उरलेले १२,००० म्हणजे आपल्याच अकाउंट्सच्या लोकांनी इश्यूसाठी जो वेळ दिला, त्या वेळेचा पगार.

उत्तरं आली ती अशी: ५,००,०००, ४,४०,०००, ४,५२,००० आणि ४,४७,०००. माझं एक मत आहे, पण आधी तुमची ऐकायची आहेत.

ताळेबंद_सदा

सरळ ५,००,०००. शेअर एक लाख, प्रीमियम पाच रुपये, विषय संपला. इश्यूचा खर्च म्हणजे प्राथमिक खर्च. तो ताळेबंदाच्या मालमत्ता बाजूला ठेवायचा आणि दरवर्षी एक पंचमांश नफा-तोट्याला टाकायचा. आम्ही वर्षानुवर्षे असंच करत आलोय. प्रीमियमला हात कशाला लावायचा?

काटेकोर

सदाभाऊ, वाटपाच्या क्षणी ५,००,००० जमा होतात, इथवर तुमचं बरोबर आहे. पाच हप्त्यांची गोष्ट मात्र आयकराच्या हिशेबातली आहे. काही ठरावीक खर्च करपात्र उत्पन्नातून पाच वर्षांत समान हप्त्यांनी वजा करू देतात, तेही अटी पाळल्या तर. तिथली सवय कंपनीच्या पुस्तकात आणता येत नाही. इश्यूवर झालेला खर्च ही पुढच्या वर्षांत काही मिळवून देणारी मालमत्ता नाही. भांडवल उभं करताना जे मिळालं त्यातून गेलेली ती रक्कम आहे. म्हणून कंपनी कायदा २०१३ चं कलम ५२ प्रीमियम खात्यातून इश्यूचा खर्च आणि कमिशन निर्लेखित करायची परवानगी देतं. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांना इंड एएस ३२ तर थेट सांगतं की असा खर्च इक्विटीतूनच वजा करा, नफा-तोट्यात नेऊ नका.

मृण्मयीताई, तुमच्या चार आकड्यांपैकी तीन आकड्यांना अर्थ आहे. ते वेगवेगळ्या टप्प्यांवरचे किंवा वेगवेगळ्या ठिकाणी दिसणारे आकडे आहेत. ४,४०,००० हा एकच कुठेच बसत नाही. पण सुरुवात अर्जाच्या रकमेपासून करू, कारण बहुतेक घोळ तिथेच पेरला जातो.

अर्जाचे पैसे आले:

बँक खाते नावे ९,००,०००
शेअर ॲप्लिकेशन खात्याला जमा ९,००,०००

या घडीला कंपनीने कोणालाही शेअर दिलेला नाही. ही नऊ लाखांची रक्कम कंपनीकडे लोकांची देणी म्हणून आहे. भांडवल नाही, प्रीमियमही नाही. समजा अर्जाच्या रकमेतच प्रीमियमचा काही भाग असता, तरी आज प्रीमियम खात्यात काही जमा झालं नसतं.

वाटपाचा ठराव झाला की मग:

शेअर ॲप्लिकेशन खाते नावे ९,००,०००
शेअर कॅपिटल खात्याला जमा ६,००,०००
शेअर अलॉटमेंट खात्याला जमा १,२०,०००
बँक खात्याला जमा १,८०,०००

आणि वाटपाची रक्कम देय झाली:

शेअर अलॉटमेंट खाते नावे ९,००,०००
शेअर कॅपिटल खात्याला जमा ४,००,०००
सिक्युरिटीज प्रीमियम खात्याला जमा ५,००,०००

प्रीमियमचा जन्म या शेवटच्या नोंदीत होतो. पैसे अजून यायचे आहेत, पण हक्क निर्माण झाला आहे.

नवी_पाटी

मी अजून शिकतेय, एक शंका. वाटपाच्या ठरावाच्या नोंदीत १,८०,००० बँकेला आणि १,२०,००० अलॉटमेंटला कशावरून? ३०,००० गुणिले ६ म्हणजे १,८०,००० हे समजलं. पण १,२०,००० हा आकडा मी आधी २०,००० गुणिले ९ करून १,८०,००० काढला होता.

लेखा_शिक्षिका

ही जागा वर्गात नेहमी अडते. जास्तीचे शेअर २०,०००, पण त्या प्रत्येकावर अर्जदाराने दिले होते अर्जाचेच ६ रुपये. वाटपाचे ९ त्याने अजून दिलेलेच नाहीत. म्हणून हातात आलेला जादा पैसा २०,००० गुणिले ६, म्हणजे १,२०,०००. प्रश्न "कोणाला किती मिळाले" असा न विचारता "कोणाकडून किती आले" असा विचारलात तर गुणाकार चुकत नाही.

आता अलॉटमेंट खात्याला ९,००,००० नावे आहेत आणि १,२०,००० आधीच जमा आहेत. यायचे राहिले ७,८०,०००.

वैभव_पुरवठादार

माझं थोडं वेगळं आहे पण विषय तोच. आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड. जानेवारीत माझ्या मामांनी शेअरसाठी म्हणून सहा लाख रुपये कंपनीच्या खात्यात टाकले. शेअर अजून दिले नाहीत. प्रीमियम किती घ्यायचा तेही ठरलेलं नाही. आमचे अकाउंटंट म्हणतात दोन लाख कॅपिटल आणि चार लाख प्रीमियमला टाकून देऊ, वाटप नंतर बघू. चालेल ना?

काटेकोर

वैभव, नाही चालणार. वर लिहिलं तेच तुम्हाला जास्त कडकपणे लागू होतं. वाटप झालं नाही, भाव ठरला नाही, तोवर त्यातला एक रुपयाही भांडवल किंवा प्रीमियम नाही.

नोंदीपेक्षा मोठी गोष्ट मुदतीची आहे. खासगी वाटपाच्या मार्गाने पैसे आले असतील तर कलम ४२ प्रमाणे ते मिळाल्यापासून ६० दिवसांत वाटप व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. तेही नाही झालं तर साठाव्या दिवसानंतरच्या काळावर वर्षाला १२ टक्के व्याजासह परत. हे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे असतात. वाटप करून आरओसीकडे पीएएस-३ भरेपर्यंत वापरायचे नसतात. मुदत उलटून गेल्यावर ती रक्कम ठेव धरली जाते, आणि मग ठेवींचे नियम मागे लागतात.

वैभव_पुरवठादार

मग ते कर्ज म्हणून दाखवलं तर? नात्यातले आहेत, कोणी तक्रार करणार नाही.

काटेकोर

संचालकाच्या नातेवाइकाने स्वतःच्या पैशातून दिलेलं कर्ज प्रायव्हेट कंपनीत ठेव धरत नाहीत, त्यासाठी त्याच्याकडून लेखी घोषणा घ्यावी लागते. पण कंपनी कायद्यातली नातेवाइकांची यादी छोटी आहे. आई, वडील, नवरा-बायको, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र कुटुंबाचे सदस्य. मामा त्यात नाहीत. शिवाय पैसे शेअरसाठी म्हणून आले होते, ते तसे आल्याचा कागद असणार. एखाद्या कंपनी सेक्रेटरीला या आठवड्यातच भेटा आणि पैसे आल्याची तारीख सोबत न्या. यापुढे वेगळा धागा काढलात तर बरं, मृण्मयीताईंचा प्रश्न बाजूला पडेल.

खतावणी_मृण्मयी

हरकत नाही, वैभवजींच्या प्रश्नामुळे माझ्या मुलांना "वाटपापूर्वी प्रीमियम नाही" हे जास्त पटेल.

पुढे जाऊ. थकबाकीदाराचा हिशेब मी असा मांडलाय. त्याला १,००० शेअर मिळाले म्हणजे त्याने १,२०० मागितले होते. भरले ७,२००. त्यातले ६,००० अर्जाचे, १,२०० वाटपात वळते. वाटपाचे देणे ९,०००, वजा १,२००, थकबाकी ७,८००. म्हणजे बँकेत वाटपापोटी आले ७,७२,२००. बरोबर?

लेखा_शिक्षिका

बरोबर. आणि ही थकबाकी प्रीमियमच्या प्रश्नाचं मूळ आहे. ७,८०० मध्ये भांडवल किती आणि प्रीमियम किती?

वळते केलेले १,२०० आधी भांडवलाच्या ४,००० मध्ये धरले तर भांडवलाचे २,८०० थकले आणि प्रीमियमचे पूर्ण ५,०००. हीच रीत आम्ही शिकवतो.

ताळेबंद_सदा

हे कोणी ठरवलं? तुम्ही १,२०० आधी प्रीमियमला का धरत नाही? वाटपाच्या ९ रुपयांत दोन्ही आहेत. मी तर प्रमाणात वाटेन, ४ ला ५.

लेखा_शिक्षिका

सदाजी, प्रश्न रास्त आहे. भांडवल आधी, ही अभ्यासक्रमातली रूढ रीत. ती प्रत्यक्षात पाळायची की नाही ते इश्यूच्या अटींवर ठरतं. जादा रक्कम कशात वळती होईल हे अटींत लिहिलं असेल तर तेच लागू. लिहिलेलं नसेल तर एक रीत धरा आणि सगळ्यांना तीच लावा.

त्याने काय बदलतं ते दाखवते. पुढे हे शेअर जप्त झाले तर रूढ रीतीने नोंद अशी पडेल:

शेअर कॅपिटल खाते नावे १०,०००
सिक्युरिटीज प्रीमियम खाते नावे ५,०००
शेअर फॉरफिचर खात्याला जमा ७,२००
शेअर अलॉटमेंट खात्याला जमा ७,८००

१,२०० आधी प्रीमियमला धरले तर प्रीमियमचे १,२०० मिळाले असं होतं. मिळालेला प्रीमियम जप्तीने रद्द होत नाही. म्हणून प्रीमियम फक्त ३,८०० ने नावे पडेल आणि फॉरफिचरला ६,००० जमा होतील. थकबाकी दोन्हीकडे ७,८०० च. बँकही तीच. बदलतं ते एवढंच की १,२०० रुपये प्रीमियममध्ये बसतात की फॉरफिचरमध्ये.

नवी_पाटी

फॉरफिचरमध्ये अर्जदाराने भरलेले सगळे ७,२०० येतात, ६,००० नाही. कारण वळते केलेले १,२०० हेही त्यानेच भरले होते. बरोबर समजले का?

लेखा_शिक्षिका

अगदी बरोबर. भांडवलापोटी त्याच्याकडून प्रत्यक्ष आलेले सगळे पैसे.

काटेकोर

आता खर्चाकडे. ४,४०,००० म्हणणाऱ्याने पूर्ण ६०,००० प्रीमियमला टाकले. इथे थांबून विचार करायला हवा.

प्रश्न असा विचारा: इश्यू काढला नसता तर हा खर्च झाला असता का? छपाई, वकील, रजिस्ट्रार, अंडररायटर यांचे ४८,००० झाले नसते. पगाराचे १२,००० झालेच असते, ती माणसं पगारावर होतीच. इंड एएस ३२ ची कसोटी हीच आहे: इश्यूमुळेच झालेला, एरवी टळला असता असा वाढीव खर्च तेवढाच इक्विटीतून वजा. म्हणून:

सिक्युरिटीज प्रीमियम खाते नावे ४८,०००
पगार खाते नावे १२,०००
बँक खात्याला जमा ६०,०००

(पगाराची नोंद प्रत्यक्षात दर महिन्याच्या पगारातच गेलेली असेल. इथे एकत्र दाखवली, एवढंच.)

हे मी इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. ही चूक ट्रायल बॅलन्समध्ये पकडली जात नाही. १२,००० प्रीमियमला टाका किंवा नफा-तोट्याला, भागधारकांच्या एकूण निधीचा आकडा तोच येतो. फरक पडतो तो नफ्यात: चुकीच्या नोंदीने नफा १२,००० ने फुगतो. त्या फुगलेल्या नफ्यातून लाभांश वाटता येतो, प्रीमियमच्या खात्यातून तो वाटता येत नाही. म्हणजे जे पैसे कंपनीत राहायला हवेत, ते बाहेर जायला वाट मिळते. ऑडिटमध्ये मी इश्यू खर्चाच्या खात्याची प्रत्येक ओळ उघडून बघतो, त्यामागे हेच आहे. त्या खात्यात पगार, कार्यालयाचं भाडं, संचालकांचा नेहमीचा प्रवास असं काही दिसलं की मी विचारतो, हे इथे कसं आलं?

ताळेबंद_सदा

हे पटलं. पण एक सांगा, छपाईचं बिल डिसेंबरात आलं आणि वाटप फेब्रुवारीत झालं तर? डिसेंबरात प्रीमियम खातंच अस्तित्वात नाही. तेव्हा मालमत्तेतच ठेवावं लागेल ना? म्हणजे माझं म्हणणं अगदीच चूक नाही.

काटेकोर

या भागात तुम्ही बरोबर आहात. वाटपापर्यंत तो खर्च एका वेगळ्या खात्यात उभा राहतो, इतर चालू मालमत्तांत. वाटपाच्या दिवशी तो प्रीमियमला वळतो. वर्षअखेर मध्ये आली तरी इश्यू चालू आहे तोवर तिथेच राहू शकतो. पण त्यावर पाच वर्षं झोपायचं नाही. आणि इश्यू रद्द झाला, तर त्याच वर्षी तो सगळा नफा-तोट्यात. तिथे चुकणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. इश्यू सोडून दिल्यावरही खर्च "पुढे केव्हातरी काढू" म्हणून मालमत्तेत तसाच ठेवलेला. पुढचा इश्यू हा वेगळा इश्यू असतो, त्याच्या प्रीमियममधून हा खर्च काढता येत नाही.

खतावणी_मृण्मयी

म्हणजे खर्चाबाबत ४८,०००. मग आता ४,५२,००० की ४,४७,०००? माझ्या मुलांपैकी दोघं यावरच भांडताहेत. एकाचं म्हणणं, जप्ती झाली नाही तर ५,००० रद्द कसे करायचे. दुसरीचं म्हणणं, न आलेला प्रीमियम राखीव निधीत कसा दाखवायचा.

काटेकोर

दोघंही बरोबर, कारण दोघं वेगवेगळ्या कागदाबद्दल बोलताहेत. खतावणीतली शिल्लक ४,५२,०००. जप्तीचा ठराव नाही, मग प्रीमियम खात्याला नावे टाकण्याचा आधार नाही. ताळेबंदाच्या टिपेत मात्र न आलेले ५,००० प्रीमियममधून वजा करून ४,४७,००० दाखवतात, आणि भांडवलातून २,८०० वजा करून ९,९७,२००.

जुळवून बघायचं असेल तर बँकेकडून या. अर्जाचे ९,००,०००, परत केले १,८०,०००, वाटपाचे आले ७,७२,२००. निव्वळ आले १४,९२,२००. दुसऱ्या बाजूला भांडवल ९,९७,२०० अधिक खर्च वजा करण्यापूर्वीचा प्रीमियम ४,९५,०००, बेरीज १४,९२,२००. जुळलं. मग दोन्ही बाजूंनी ६०,००० वजा करा: बँक १४,३२,२००, आणि इकडे प्रीमियममधून ४८,०००, नफ्यातून १२,०००.

ही जुळणी जमली नाही तर ९,००,००० पैकी किती कोणाचे होते, तिथे परत जा. फरक १,२०० किंवा १,२०,००० चा असेल तर वळत्या रकमेत गडबड आहे. १,८०,००० चा असेल तर परताव्याची नोंद राहिली आहे किंवा दोनदा पडली आहे.

निशिगंध_आर

मी एका मोठ्या इश्यूच्या रजिस्ट्रारकडे काम करते, म्हणून थोडं वेगळं सांगते. या उदाहरणातला १,८०,००० चा परतावा आता सार्वजनिक इश्यूत पुस्तकात दिसतच नाही. २०१६ पासून जवळजवळ सगळ्या अर्जदारांना अस्बानेच अर्ज करावा लागतो. पैसे अर्जदाराच्या खात्यातच अडवलेले राहतात आणि वाटप झालं तेवढेच कंपनीकडे येतात. नामंजूर अर्जाचे पैसे कंपनीच्या बँकेत कधी येतच नाहीत. त्यामुळे आमच्याकडे नवीन आलेली मुलं पुस्तकातली परताव्याची नोंद शोधत बसतात.

लेखा_शिक्षिका

हे वर्गात सांगायला हवं, आणि मी सांगते. तरी अर्ज, वाटप, वळती रक्कम हे तिन्ही टप्पे शिकवायचे, कारण पैसे कोणाचे आणि कधीपासून कंपनीचे हा विचार अस्बातही तोच राहतो. शिवाय सगळे इश्यू सार्वजनिक नसतात.

निशिगंध_आर

मान्य. आणि खर्चाच्या बाबतीत अजून एक. नवीन शेअर काढताना त्याच कागदात जुने भागधारकही आपले शेअर विकत असतील, तर विक्रीच्या भागाचा खर्च कंपनीच्या प्रीमियमवर टाकता येत नाही. कंपनीने त्यातून एक पैसाही भांडवल उभं केलं नाही. वाटणीचं सूत्र आधीच करारात लिहिलेलं असतं, बहुधा शेअरच्या संख्येवर.

काटेकोर

महत्त्वाचं सांगितलंत. जुन्या शेअर्सच्या नोंदणीची फी असेल तर तीही याच कारणाने नफा-तोट्यात जाते.

ताळेबंद_सदा

आणि अधिकृत भांडवल वाढवायला आरओसीला जी फी भरतो तिचं काय? ती आमच्याकडे दरवेळी चर्चेत येते.

लेखा_शिक्षिका

मी ती प्रीमियममधून घेईन. अधिकृत भांडवल वाढवल्याशिवाय हे शेअर काढताच आले नसते. "इश्यू नसता तर खर्च झाला असता का" या कसोटीवर ती बसते.

काटेकोर

मी नफा-तोट्यात घेईन. ती फी कंपनीच्या अधिकृत मर्यादेची आहे, या शेअर्सची नाही. मर्यादा एक कोटीने वाढवली आणि शेअर फक्त दहा लाखांचे काढले, तर उरलेल्या नव्वद लाखांची फी या इश्यूची कशी म्हणायची?

लेखा_शिक्षिका

मग दहा लाखांपुरती प्रमाणात घ्या.

काटेकोर

तसं करणारेही आहेत. पण फीचा तक्ता टप्प्यांचा असतो, त्यामुळे प्रमाण कसं काढायचं यावरच नवा वाद उभा राहतो. करापुरतं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये भांडवल वाढवण्याच्या फीला भांडवली खर्च म्हटलं आहे, पण त्यावरून पुस्तकात काय करायचं ते ठरत नाही. मी बघतो ते एवढंच, की कंपनीने जे केलं त्याचं कारण कागदावर आहे का आणि मागच्या वेळीही तसंच केलं होतं का.

ताळेबंद_सदा

म्हणजे तुम्हा दोघांचंही एकमत नाही.

लेखा_शिक्षिका

या एका बाबतीत नाही.

नवी_पाटी

शेवटची शंका. ते १,००० शेअर पुढे जप्त करून पुन्हा दिले तर? प्रीमियममधून वजा केलेले ५,००० परत जमा होतात का?

काटेकोर

आपोआप नाही. त्याआधी नोटिशीची मुदत संपलेली हवी. नमुना नियमावलीप्रमाणे ती मिळाल्यापासून किमान १४ दिवस. मग पुन्हा देताना काय भाव मिळतो त्यावर. शेअर १२ रुपयांना गेले तर बँकेत १२,०००, त्यातले १०,००० कॅपिटलला आणि २,००० प्रीमियमला. फॉरफिचरमधले ७,२०० सगळे कॅपिटल रिझर्व्हला. ९ रुपयांना गेले तर बँकेत ९,०००, कमी पडलेले १,००० फॉरफिचरमधून, आणि उरलेले ६,२०० कॅपिटल रिझर्व्हला. २ रुपये ८० पैशांपेक्षा कमी भावाने मात्र देता येणार नाहीत, कारण सूट ७,२०० च्या वर जाऊ शकत नाही.

खतावणी_मृण्मयी

मुलांना हा धागाच वाचायला दिला. आता त्यांच्याकडून एक बदल करून घेणार आहे: अर्जाच्या ६ रुपयांत ४ भांडवलाचे आणि २ प्रीमियमचे, वाटपाच्या ९ मध्ये ६ भांडवलाचे आणि ३ प्रीमियमचे. थकबाकीदार तोच. त्याच्या शेअर्सच्या जप्तीत प्रीमियम किती नावे पडेल?

नवी_पाटी

अर्जाचे २,००० प्रीमियमचे आलेले आहेत, ते हलत नाहीत. वळते १,२०० वाटपातल्या भांडवलाच्या ६,००० मध्ये आधी. म्हणून प्रीमियमचे थकलेले ३,०००, तेच नावे. फॉरफिचरला ४,००० अधिक १,२००, म्हणजे ५,२००.

लेखा_शिक्षिका

१०,००० आणि ३,००० नावे, ५,२०० आणि ७,८०० जमा. दोन्हीकडे १३,०००. बरोबर.